गळती : बंद

षड्रिपूंच्या यादीत मत्सराला सर्वांत शेवटी बसवलेले आहे. रंगनाथ अष्टपुत्र्यांना लहानपणी वाटे, की तो धाकटा, म्हणून शेवटी. काम, क्रोध, लोभ हे थोरले. हा त्यांच्या मागून येणारा, दुबळा. एकसष्टाव्या वर्षी, वडगाव शेरीतल्या ‘कदंब’ इमारतीत राहायला आल्यावर, त्यांना त्या क्रमाचा खरा अर्थ कळला. बाकीचे पाच थकून गेले, की मग हा येतो. आणि आला, की उठत नाही.

सरकारी कचेरीत अष्टपुत्र्यांची सारी हयात सभांची इतिवृत्ते लिहिण्यात गेली होती. साहेब बदलत, खाती बदलत, पण महत्त्वाची बैठक असली की निरोप येई, “अष्टपुत्र्यांना बोलवा.” त्यांच्या हातची वाक्ये घडवलेल्या दागिन्यासारखी असत. कोणालाही न दुखवता सगळ्यांचे म्हणणे त्यांत बसलेले असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘कदंब’मध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली सदनिका घेतली. नगर रस्त्याच्या बाजूला तेव्हा रोज एक नवी काचेची कचेरी उभी राहत होती आणि संगणकावर काम करणारी मुले-मुली तिथे झुंडीने येत होती. ‘कदंब’मधली निम्मी घरे अशांचीच. या मुलांना सोसायटी म्हणजे काय, तिची नोंदणी कशी होते, बिल्डरकडून काय काय कागद घ्यायचे असतात, याची गंधवार्ता नसणार. तेव्हा नोंदणी होईपर्यंत सारा कारभार पाहणारा सोसायटीचा मुख्य प्रवर्तक म्हणून आपलेच नाव पुढे येणार, असे अष्टपुत्र्यांनी मनाशी धरले होते. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. सांगायचे कशाला? सूर्य उगवणार, हे कोणी सांगत फिरते का?

दिवाळीनंतर पहिली सभा झाली. खाली वाहनतळात खुर्च्या मांडल्या होत्या. बिल्डर संपतशेठ ढमढेरे स्वतः आले होते. मूळचे इथलेच शेतकरी. स्वतःच्या जमिनीवर स्वतःच इमारत बांधलेली. इतिवृत्त अर्थातच अष्टपुत्र्यांनी लिहिले. गच्ची गळते, लिफ्टचा परवाना नाही, पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नाही, मंजूर नकाशांच्या प्रती दिलेल्या नाहीत, असे सगळे त्यात आले. आणि प्रत्येक मुद्द्याखाली त्यांचे ते सुप्रसिद्ध वाक्य आले : ‘याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.’

संपतशेठनी हसत हसत सही केली.

होळी झाली तरी काहीच झाले नाही. तळमजल्यावरचे रतन ओव्हाळ, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सरळ बोलणारे गृहस्थ, बिल्डरच्या कचेरीत जाऊन आले आणि जिन्यातच सगळ्यांना गाठून सांगू लागले, “शेठनी आपलाच कागद माझ्यासमोर धरला. म्हणाले, ‘करण्यात येईल असं लिवलंय, म्या करीन असं कुठं लिवलंय? तुमी करा की. बरोबर हाय का न्हाई?’ आता काय बोलणार? बरोबर हाय की.”

सगळे हसले. रतनरावांच्या मनात काही नव्हते, आणि अष्टपुत्रेही हसले. घरी येऊन त्यांनी तो कागद काढला. ज्या कर्मणि प्रयोगाच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर नाव कमावले, त्यातून कर्ता निघून गेला होता. व्याकरण निर्दोष होते. गच्ची मात्र गळकीच होती.

चैत्रातल्या दुसऱ्या सभेला इतिवृत्त कोणी लिहायचे, हा प्रश्न निघाला, तेव्हा रतनराव सहज म्हणाले, “या वेळी शाइस्ताला लिहू द्या. दोष शोधणं हेच तिचं काम आहे म्हणे.”

शाइस्ता दुसऱ्या मजल्यावरच्या अय्युब बागवानांची मुलगी. अय्युबभाईंचा मार्केट यार्डात फळांचा गाळा. मुलगी मराठी शाळेत शिकून इंजिनियर झाली होती आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत, दुसऱ्यांनी बनवलेल्या कामातल्या चुका शोधून काढण्याची नोकरी करीत होती. तोवर अष्टपुत्र्यांना ती फार आवडे. ‘पोरी’ म्हणून हाक मारीत. तिच्या शुद्ध बोलण्याचे कौतुक करीत.

सभेआधी ती घरोघर हिंडली. कोणाच्या खिडकीची चौकट फुगली आहे, कोणाच्या मोरीचा उतार उलटा आहे, सगळे स्वतः पाहिले. अष्टपुत्र्यांच्या घरी खुर्चीवर चढून तिने छतावरच्या ओलीच्या डागाला हात लावून पाहिला. सभेत ती संपतशेठना म्हणाली, “शेठ, कोण करणार आणि कधी करणार, एवढं दोनच सांगा. बाकीचं मी लिहिते.”

“मी करीन की. मिरग लागायच्या आत गच्ची नव्यानं वॉटरप्रूफिंग करून देतो.”

“‘बिल्डर करून देईल.’ लिहिलं. पुढे. लिफ्ट?”

लिफ्टवर वाद झाला. परवान्यासाठी अर्ज गेला आहे, एवढेच शेठ म्हणत राहिले, तारीख देईनात. पण उरलेल्या सोळा मुद्द्यांवर ‘कोण’ आणि ‘कधी’ दोन्ही मिळाले. सभा संपली तेव्हा लोक शाइस्ताभोवती उभे होते, आणि संपतशेठ, ज्यांनी अष्टपुत्र्यांना आजवर ‘काका’ म्हणून नुसता नमस्कार केला होता, तिला म्हणत होते, “ताई, तुमी आमच्याकडंच नोकरीला या. आमच्या इंजिनियरांना जरा शिकवा.”

त्या दिवसापासून अष्टपुत्रे तिला ‘आपण’ म्हणू लागले.

बायकोच्या, कल्याणीबाईंच्या, ते लक्षात आले. “अहो, मुलगी आहे ती आपल्या सुमीच्या वयाची. ‘आपण’ काय?”

“मोठी माणसं आहेत ती. सन्मानानं बोलावं.”

“काय सुरेख लिहून घेत होती पण! मला आपलं वाटलं, तुम्ही उगाच इतकी वर्षं एवढं लांब लांब लिहीत राहिलात.”

कल्याणीबाई भाजी निवडत होत्या. आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताही नव्हता. अष्टपुत्रे उठून बाल्कनीत गेले. खाली शाइस्ता स्कूटर बाहेर काढीत होती. पहारेकऱ्याने तिच्यासाठी फाटक उघडले. त्यांच्यासाठी तो कधी उठला होता का? त्यांना आठवेना. आठवेना, म्हणजे उठला नसणार. असल्या लहानसहान गोष्टींची मनात एक रास जमू लागली, आणि शहाण्यासुरत्या, स्नानसंध्येत आयुष्य गेलेल्या त्या माणसाला ती रास रोज उपसून पाहण्यात एक कडवट गोडी वाटू लागली.

वैशाखातल्या रविवारी तिसरी सभा ठरली. पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त कायम करून त्यावर बिल्डरची सही घेणे. दुसरा, मुख्य प्रवर्तकाची निवड. आदल्या दिवशी संध्याकाळी शाइस्ता स्वतः वर आली. हातात छापलेला तक्ता होता.

“काका, एकदा नजर टाकाल? मराठीत असं काही लिहायची मला सवय नाही. ऑफिसात सगळं इंग्रजीत. तुमची नजर गेली की मला काळजी नाही.”

“आम्ही काय पाहणार? आपण तज्ज्ञ.”

“असं काय म्हणता काका,” ती म्हणाली. तिला तो टोमणा लागला नाही, याचेही त्यांना वाईट वाटले.

ती गेल्यावर त्यांनी चष्मा पुसून तक्ता वाचायला घेतला. चूक सापडावी, अशी प्रार्थना करीत वाचला, असे म्हटले तरी चालेल. मुद्दा, जबाबदारी, मुदत असे रकाने. एकेक ओळ स्वच्छ. ‘मंजूर नकाशांच्या साक्षांकित प्रती : बिल्डर देईल.’ ‘सातबारा उतारा व वकिलाचा मालकी हक्काबाबतचा दाखला : बिल्डर देईल.’ ‘नोंदणीनंतर जमीन व इमारत यांचे खरेदीखत सोसायटीच्या नावे : बिल्डर करून देईल.’ ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर. अष्टपुत्र्यांचे तोंड कडू झाले.

मग ते शेवटच्या रकान्याशी आले, आणि थबकले.

रकान्याचे नाव होते ‘स्थिती’. त्यात प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द. गच्चीची गळती : बंद. लिफ्ट : चालू. जिन्यातले दिवे : बंद. पाण्याच्या टाकीची गळती : बंद.

क्षणभर त्यांना काही उमगले नाही. मग लख्ख उजेड पडला. तिच्या कचेरीत एखाद्या मुद्द्यावर निर्णय झाला की तो ‘क्लोज’ झाला म्हणतात आणि निर्णय व्हायचा राहिला असेल तर ‘ओपन’. तेच शब्द तिने ‘बंद’ आणि ‘चालू’ करून मराठीत आणले होते. तिच्या मनात होते : गच्चीविषयी बोलणे संपले, आश्वासन मिळाले. कागदावर उमटले होते : गळती बंद झाली. आणि जी लिफ्ट परवान्याअभावी तळाशी रुतून बसली होती, ती या कागदावर चालू होती.

याच्यावर संपतशेठनी सही केली, की संपले. ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखवलेला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असा कायदा. पण दोष उरलेलाच नाही असे सदनिकाधारकांनीच लिहून दिले, तर कसली दुरुस्ती? आणि ज्या गच्चीची गळती ‘बंद’ झाली होती, ती अष्टपुत्र्यांच्याच डोक्यावर होती. त्यांनी वर पाहिले. पलंगाच्या बरोबर वर, गेल्या पावसाळ्यातला तपकिरी डाग घोंगडीएवढा पसरला होता.

खरे तर दोन मजले उतरून सांगायला किती वेळ लागला असता? पण अष्टपुत्रे खुर्चीतून उठले नाहीत. उद्या, भर सभेत, संपतशेठ खिशातून पेन काढतील, तेव्हा आपण हात वर करू. ‘जरा थांबा. हा शब्द पाहिलात का?’ सगळे वाचतील. हसतील. शाइस्ता खाली मान घालील. आणि त्यानंतर लगेच दुसरा विषय येईल, मुख्य प्रवर्तकाची निवड. त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य तीन-चार प्रकारे घडवून पाहिले. त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

रविवारी सकाळी वाहनतळ भरला होता. अष्टपुत्र्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते पुढच्या रांगेत बसले होते. शाइस्ताने तक्त्याच्या प्रती वाटल्या. जो तो आपापल्या घराची ओळ शोधू लागला. खिडकीवाला खिडकी, मोरीवाला मोरी. शेवटच्या रकान्यापर्यंत कोणाची दृष्टी गेली नाही.

“इतिवृत्त वाचून दाखवते,” शाइस्ता उभी राहत म्हणाली. “तसं ते कालच रंगनाथकाकांना तपासायला दिलं होतं, आणि त्यांनी काही चूक काढली नाही. त्यांची नजर गेली आहे, म्हणून मला धीर आहे. नाहीतर माझ्या मराठीचं काही खरं नव्हतं.”

अष्टपुत्र्यांनी उचलायला घेतलेला हात अर्ध्यावरच राहिला.

“काकांनी बघितलंय?” संपतशेठ कागदावरून बोट फिरवीत होते. ते बोट शेवटच्या रकान्याशी थांबले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. “काकांनी बघितलंय म्हनल्यावर वाचायचं काय त्यात? सरकारी मानूस. आना, सही करतो.” आणि त्यांनी दोन्ही प्रतींवर सही केलीसुद्धा. एक प्रत घडी करून सदऱ्याच्या खिशात गेली.

“छान,” शाइस्ता म्हणाली. “मग पुढचा विषय.”

बोलावे, तर ‘काल का नाही बोललात?’ न बोलावे, तर तो तपकिरी डाग. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर त्यांनाच उभे केले होते. आणि तेही सन्मानाने, नाव घेऊन.

“काका, काही म्हणायचंय का?” रतनरावांनी विचारले. “तुमचा हात मघापासून असा अर्धवट...”

अष्टपुत्रे उभे राहिले. “इतिवृत्त वाचलं गेलेलं नाही.”

“आता सही झाली की काका,” संपतशेठ म्हणाले.

“सही झाली असेल. सभेपुढे वाचून कायम झाल्याशिवाय ते इतिवृत्त होत नाही. नुसतं टिपण असतं. मी वाचतो.” आणि त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘गच्चीची गळती. बिल्डर करून देईल. मृग नक्षत्रापूर्वी. स्थिती : बंद.’ ‘लिफ्ट. परवान्याची तारीख नाही. स्थिती : चालू.’”

तिसऱ्या मजल्यावरून गुडघे धरीत उतरलेल्या सुंदराबाई मोठ्याने म्हणाल्या, “चालू? अगं बाई, मग मला कोणी सांगितलं नाही ते!”

हशा पिकला. अष्टपुत्र्यांनी रात्री जसा योजला होता, अगदी तसा. शाइस्ताने हातातला तक्ता डोळ्यांजवळ नेला. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

“मुद्दा बंद, असं होतं माझ्या मनात,” ती हळूच म्हणाली. “गळती नाही. मुद्दा.” मग तिने संपतशेठकडे पाहिले. “तुम्ही वाचलं होतंत.”

“मला वाटलं, बंद झाली आसंल,” शेठ म्हणाले. “तुमचाच कागद हाय.”

“असू दे गं,” रतनराव तिला म्हणाले. “पहिल्यांदाच लिहितेस. आणि काकांच्याही नजरेतून काल सुटलं, तिथे तुझं काय? वयपरत्वे होतं असं.”

केवढी सोपी वाट होती ती! नुसती मान डोलावली असती, तरी निभावले असते. लोक आदराने हसले असते आणि विषय पुढे गेला असता. पण ‘नजरेतून सुटलं’ हे शब्द अष्टपुत्र्यांना असे झोंबले, की सगळा विवेक बाजूला राहिला. छत्तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटला नव्हता.

“माझ्या नजरेतून काही सुटत नाही,” ते ताडकन म्हणाले. “मला कालच दिसलं होतं.”

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचे शब्द ऐकू आले. कोणी हसले नाही. मागच्या रांगेत कल्याणीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

“दिसलं होतं?” शाइस्ताने विचारले. आवाज चढलेला नव्हता. “मग मी खालीच होते, काका. हाक मारली असतीत, तरी ऐकू आली असती.”

अष्टपुत्र्यांजवळ उत्तर होते, पण ते उच्चारण्यासारखे नव्हते.

“माझा अपमान झाला, त्याचं काही नाही,” ती पुढे म्हणाली. “पण शेठ उठून गेले असते तर? गळती तुमच्याच घरात आहे.”

अय्युबभाई, तिचे वडील, एका खांबाला टेकून उभे होते. ते मान हलवून एवढेच म्हणाले, “जाऊ दे बेटा. आधी कागद नीट कर.”

तिने कागद नीट केला. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत रेघ मारून खोडला, आणि खाली लिहिण्यासाठी पेन उघडले. संपतशेठ आधी म्हणाले, आता पुन्हा सही करणार नाही. रतनराव म्हणाले, “नका करू. मग सोसायटीही आज स्थापायला नको. पहारेकऱ्याचा पगार आणि जिन्यातलं वीजबिल तुम्ही अजून वर्षभर भरा. आम्हांला काही घाई नाही.” शेठनी खिशातली प्रत काढून टेबलावर ठेवली.

“‘वरील सर्व दोष आजमितीस कायम आहेत,’” शाइस्ताने लिहिता लिहिता वाचले आणि थांबली. “हे बरोबर आहे ना, काका? की यातही काही दिसतंय? दिसत असेल तर आत्ताच सांगा.”

खुर्च्यांमधून दबलेले हसू फिरले. “बरोबर आहे,” अष्टपुत्रे म्हणाले. दोन्ही प्रतींवर, खोडलेल्या रकान्याशेजारी, शेठनी पुन्हा सही केली.

दुसरा विषय आला. मुख्य प्रवर्तकासाठी रतनरावांनी शाइस्ता बागवान हे नाव सुचवले. सुंदराबाईंनी अनुमोदन दिले. दुसरे कोणाचे नाव कोणी घेतले नाही. अष्टपुत्रे आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहत बसले. वाटले होते, लाज वाटून मत्सर निघून जाईल. तो गेला नव्हता. लाज एका बाजूला बसली होती आणि मत्सर दुसऱ्या. दोघांचे काही भांडण नव्हते.

हात वर झाले. रतनराव मोजणार, एवढ्यात शाइस्ता म्हणाली, “एक मिनिट. हा ठराव माझ्याविषयीचा आहे. तो मीच लिहिणं बरं दिसणार नाही.” तिने चहूकडे पाहिले, आणि मग वही अष्टपुत्र्यांच्या पुढ्यात सरकवली. “काका, तुम्ही लिहा.”

तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना दया. लिहिणारा माणूस जवळ होता, म्हणून वही सरकवली होती. अष्टपुत्र्यांना त्यापेक्षा राग परवडला असता.

त्यांनी पेन घेतले. हात आपणहून वळणदार अक्षर काढू लागला. ‘सदनिकाधारकांच्या आजच्या सभेने कु. शाइस्ता अय्युब बागवान यांची नियोजित सोसायटीच्या मुख्य प्रवर्तक म्हणून’ इथपर्यंत आले आणि ते थांबले. पुढचा शब्द ठरलेला होता. त्यांनी मान वर केली. सगळ्या खुर्च्यांवरून हात उभे होते, कल्याणीबाईंचासुद्धा. न उभारलेला हात एकच होता, आणि त्यात पेन होते.

“झालं का हो काका?” रतनरावांनी विचारले. “हात दुखायला लागले. एकमतानं लिहिताय की बहुमतानं?”

आयुष्यात त्यांनी पुष्कळ गोष्टी पुष्कळ सफाईने लिहिल्या होत्या. पण जे झाले नाही ते झाले म्हणून एकदाही लिहिले नव्हते. अष्टपुत्र्यांनी पेन डाव्या हातात घेतले. उजवा हात वर केला. तो जड होता, आणि वर जाईपर्यंत त्यांना वाटत राहिले, की सगळा वाहनतळ त्याचे वजन पाहतो आहे.

मग हात खाली घेऊन त्यांनी लिहिले, ‘एकमताने निवड केली.’